आपोआप फिरणारं चाक का फिरत नाही

मुख्याध्यापक मॅडम, सर्व शिक्षक आणि आठवी-नववीच्या पोरांनो,

आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांच्या हाती प्रकाशाच्या विकिरणाच्या एका नव्या प्रकाराचा शोध लागला, म्हणून आपण हा दिवस विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. मी मात्र आज एका अशा यंत्राबद्दल बोलणार आहे, जे माणसं कित्येक शतकं बनवत आली आणि आजवर त्यातलं एकही चाललं नाही. एकदा ढकलायचं, मग ते कायम फिरत राहणार आणि वर आपलं कामही करून देणार. डिझेल नको, वीज नको, बैल नको. अशा यंत्राला निरंतर गती यंत्र म्हणतात.

माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेली इंजिनाची फ्लायव्हील आम्ही लेथवर टर्न करतो आणि बॅलन्स करून देतो. चाक हाच माझा रोजचा धंदा, म्हणून सुरुवात चाकापासूनच करतो.

आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त अशा एका चाकाचं वर्णन आहे. हलक्या लाकडाचं चाक, त्याला पोकळ आरे आणि आऱ्यांत अर्धा भाग पारा. चाक फिरलं की पारा सरकेल, एक बाजू कायम जड राहील आणि चाक फिरतच राहील, अशी कल्पना. पुढे युरोपातही अशीच चाकं रेखाटली गेली. कुणी पाऱ्याऐवजी हातोडे टांगले, कुणी गोळे ठेवले. कल्पना मोठ्या बुद्धीची आहे, यात वादच नाही. त्या काळी ऊर्जा मोजायची पद्धतच नव्हती.

आता मी सायकलच्या रिंगवर केलेलं हे चाक बघा. काठावर पट्ट्या आहेत, प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक बोल्ट. उजवीकडे पट्टी उघडते, बोल्ट लांब जातो. डावीकडे ती मिटते, बोल्ट जवळ येतो. लांबच्या वजनाचा जोर जास्त, म्हणजे उजवी बाजू जिंकायला हवी ना? पण बोल्ट मोजा. उजवीकडे लांब आहेत, पण थोडे. डावीकडे जवळ आहेत, पण जास्त. प्रत्येकाचं वजन गुणिले अंतर करून बेरीज घ्या, दोन्ही बाजू सारख्या होतात अशी एक जागा सापडते. चाक तिथं येऊन डुलतं आणि थांबतं.

हेच मी दुकानात रोज बघतो. फ्लायव्हीलमध्ये शाफ्ट घालून ती दोन समतल पट्ट्यांवर ठेवतो. एका बाजूला बिडाचा थर जरा जाड असला, तर फ्लायव्हील गडगडत जाते, परत येते, पुन्हा जाते आणि शेवटी जड बाजू खाली करून गप्प बसते. मग त्या जड बाजूला ड्रिल मारून आम्ही माल काढतो. जी बाजू जड, ती खाली जाऊन थांबते. तिनं खाली गेल्यावर पुन्हा स्वतःहून वर यावं, असं एकाही फ्लायव्हीलनं आजवर केलेलं नाही.

याचं कारण उंचीत आहे. १ किलोचं वजन १ मीटर खाली आलं की साधारण ९.८ जूल ऊर्जा देतं आणि तेवढंच वर चढवायला ९.८ जूल लागतात. जवळच्या वाटेनं चढवा की लांबच्या, फरक पडत नाही. एक फेरा पूर्ण झाला की प्रत्येक बोल्ट होता त्याच उंचीवर आलेला असतो. गुरुत्वाकर्षणाकडून मिळालं किती? शून्य. आणि फेऱ्यात बेअरिंगनं आणि हवेनं थोडं काढून घेतलेलं असतंच. ते नष्ट होत नाही, उष्णता होऊन जातं. चाक थांबल्यावर बेअरिंग गार दिसलं तरी ती ऊर्जा तिथूनच गेलेली असते. मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८४० च्या दशकात हा हिशेब पक्का केला: ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते.

आता तुम्ही मोबाइलवर जे बघता त्याकडे येऊ. मोटर जनरेटर फिरवते, जनरेटर मोटरला वीज देतो, मध्ये मोठी फ्लायव्हील आणि वर बल्ब पेटलेला. समजा दोन्ही मशीन ८५ टक्के कार्यक्षम आहेत. मोटरला १०० वॉट दिले, तर शाफ्टवर ८५ मिळतात. जनरेटरमधून बाहेर येतात ७२. मोटरला लागतात १००. उरलेले २८ कोण देणार? फ्लायव्हील? तीही मोजू. २० किलोची, पाव मीटर त्रिज्येची फ्लायव्हील मिनिटाला १५०० फेरे फिरतेय, सगळं वजन काठावर धरू. तिच्यात सुमारे १५,४०० जूल असतात. त्यावर १० वॉटचा एलईडी बल्ब जास्तीत जास्त २५ मिनिटं जळेल. व्हिडिओ दोन मिनिटांचा असतो. शिवाय ते १५,४०० जूल सुरुवातीला कुणीतरी घातलेलेच असतात. फ्लायव्हील ऊर्जा साठवते, तयार करत नाही.

आणि अशी फसवणूक मोबाइलबरोबर आलेली नाही. १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस असं यंत्र दाखवून तिकिटाचे पैसे घेत होता. वाफेची बोट चालवणारा रॉबर्ट फुल्टन ते बघायला गेला. त्याला आवाजावरूनच कळलं, की चाकाची गती एकसारखी नाही, कुणीतरी हातानं हँडल फिरवल्यावर येते तशी ती कमी-जास्त होतेय. त्यानं भिंतीच्या फळ्या उखडल्या. आत तातीचा पट्टा निघाला, तो माळ्यावर गेलेला आणि तिथं एक म्हातारा हँडल मारत बसलेला! मशीनवर काम करणाऱ्याचा कान असा असतो, मला ही गोष्ट फार आवडते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं तर त्याआधीच, १७७५ साली, असे प्रस्ताव तपासणार नाही असं जाहीर केलं होतं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही सिद्ध नैसर्गिक नियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला शोध मानत नाहीत.

काही हुशार पोरं विचारतील, ऊर्जा नवीन नकोच, रंकाळ्याच्या पाण्यात उष्णता आहे ती वापरू. १ किलो पाणी १ अंशानं गार झालं तर सुमारे ४,२०० जूल निघतात. तेवढ्यात १ किलो वजन सव्वाचारशे मीटर वर जाईल. पण उष्णतेतून काम काढायला एक गरम जागा आणि एक गार जागा लागते. सगळं एकाच तापमानाचं असेल तर उष्णता जागची हलत नाही. इंजिन गरम होतं आणि त्याला रेडिएटर लागतो, तो याच नियमामुळे. हा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम.

आणि चंद्र? तो कुणी न ढकलता फिरतोय की. हो, कारण पोकळीत त्याला अडवणारं जवळजवळ काही नाही. नुसतं फिरत राहायला ऊर्जा लागत नाही, काम करून घ्यायला लागते. चंद्र पृथ्वीवर भरती-ओहोटी आणतो, त्याची किंमत पृथ्वीचं फिरणं मोजतं: ते हळूहळू मंदावतंय आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातोय.

हे चाक आता टेबलावर ठेवतो. बोल्ट हव्या त्या जागी लावून बघा, पाना शेजारीच आहे. कुणाला वाटलं की आपलं चालेल, तर आधी एका फेऱ्याचा हिशेब कागदावर मांडून माझ्याकडे या, मी बसलोय इथंच.