विषय : गृहकर्ज खात्याचा मंजुरीपासूनचा संपूर्ण उतारा मिळण्याबाबत

दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग, सातारा शाखा

महोदय,

माझे १८ लाखांचे गृहकर्ज १२ जुलै २०१८ रोजी मंजूर झाले. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४४१७. कर्ज मुदतीपूर्वी फेडण्यासाठी थकबाकीचा दाखला मागितला, तेव्हा त्यात ‘इतर आकार’ म्हणून २७,४८० रुपये दाखवले आहेत. हे कशाचे, हे काउंटरवर कोणी सांगू शकले नाही. मार्च २०२४ चा हप्ता परत गेल्याचा दंड त्यात आहे, एवढेच तोंडी कळले. पण त्या महिन्याच्या ५ तारखेला माझ्या बचत खात्यात ४१,००० रुपये शिल्लक होते. हप्ता १९,२०० चा. पासबुकाची प्रत जोडली आहे.

केवळ चालू वर्षाचा उतारा मला पुरणार नाही. मंजुरीपासून आजपर्यंत वितरणाचे टप्पे, प्रत्येक हप्त्यातील मुद्दल व व्याज, व्याजदर बदलल्याच्या तारखा आणि लावलेला प्रत्येक आकार कारणासह दाखवणारा, सही-शिक्क्याचा उतारा द्यावा. मंजुरीपत्र व आकारांच्या तक्त्याची प्रतही हवी. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे १८ ऑगस्ट २०२३ चे परिपत्रक सांगते. तसे झाले आहे का, हे उताऱ्याशिवाय तपासता येणार नाही.

देणे लागत असलेला रुपयान् रुपया मी भरीन. मात्र वादातील रकमेसाठी घराची मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करावी लागेल.

कृपया या पत्राच्या प्रतीवर पोच द्यावी.

आपली विश्वासू,
सुनीता दि. जाधव
(कर्जदार)

सोबत : थकबाकी दाखला, पासबुकाची प्रत