घरबांधणीचा करारनामा (साहित्यासह ठेका)

हा करारनामा आज दि. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी इंदूर येथे करण्यात येत आहे.

लिहून घेणार: श्रीमती वैजयंती श्रीधर शिरवळकर, वय ६१, धंदा निवृत्त शिक्षिका, सध्या राहणार सुदामा नगर, इंदूर (भाड्याचे घर). यापुढे यांचा उल्लेख ‘मालक’ असा केला आहे.

लिहून देणार: श्री. राजेंद्र तुकाराम घोरवडे, वय ४७, धंदा बांधकाम ठेकेदारी, राहणार लोकमान्य नगर, इंदूर. यापुढे यांचा उल्लेख ‘ठेकेदार’ असा केला आहे.

कारणे करारनामा लिहून देतो की,

१. मालकांच्या मालकीचा ३० फूट × ५० फुटांचा, म्हणजे १,५०० चौरस फुटांचा मोकळा भूखंड राजेंद्र नगर, इंदूर येथे आहे. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस शेजाऱ्यांचे दुमजली घर, पश्चिमेस व उत्तरेस मोकळे भूखंड. या जागेवर तळमजला व पहिला मजला असे राहते घर बांधण्याचा नकाशा इंदूर नगर पालिक निगमकडून मंजूर झालेला आहे. मंजूर नकाशा, आर्किटेक्ट श्रीमती मृणाल जोगदेव यांची सळईसह सर्व रेखाचित्रे (पाने १ ते १४) आणि साहित्याची यादी हे या कराराचेच भाग असून प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांनी सह्या केल्या आहेत.

२. बांधकामाचे क्षेत्र तळमजला ९५० चौ. फूट, पहिला मजला ८८० चौ. फूट व जिन्याची टोपी ९० चौ. फूट, एकूण १,९२० चौ. फूट. दर साहित्य, मजुरी, सेंटरिंग व जीएसटीसह १,८५० रुपये प्रति चौ. फूट. एकूण रक्कम ३५,५२,००० रुपये (अक्षरी पस्तीस लाख बावन्न हजार रुपये). कुंपणभिंत, पाण्याची जमिनीखालची टाकी व गेट या रकमेत धरलेले आहे. बोअर, पंखे, दिव्यांची झुंबरे व मॉड्युलर किचन धरलेले नाही. आर्किटेक्टची फी, निगमची सर्व शुल्के व या करारावरील मुद्रांक शुल्क मालक भरतील.

३. सळईचा मूळ दर ५८ रुपये किलो व सिमेंटचा ३५० रुपये गोणी धरला आहे. बाजारभाव यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त चढला किंवा उतरला, तर १० टक्क्यांवरचा फरक बिल पाहून दिला अथवा वळता केला जाईल. सळई ७.५ टनांपर्यंतच या हिशोबात धरली जाईल. बाकी कोणत्याही वस्तूची भाववाढ ठेकेदार मागणार नाहीत.

४. पाया. या भागातली जमीन काळ्या मातीची आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घराला तडे जातात ते बहुतेक इथूनच. म्हणून खोदकाम पक्का मुरूम लागेपर्यंत करायचे. रेखाचित्रात खोली ५ फूट धरली आहे. त्याहून खोल जावे लागले तर आर्किटेक्टने खड्ड्यात उतरून मोजमाप लिहून दिल्यावरच जादा खोदकाम ९ रुपये घनफूट व जादा काँक्रीट १६५ रुपये घनफूट या दराने मिळेल. खोदलेली काळी माती जोत्याच्या आत परत भरायची नाही. भराव मुरमाचाच, ६ ते ८ इंचांच्या थरांत, पाणी मारून व दुर्मुस करून. भरावावर वाळवीचे औषध मारताना डबे सील असतानाच मालकांना दाखवावे.

५. काँक्रीट व सळई. सर्व आरसीसी काम एम २५ ग्रेडचे आणि आयएस ४५६ प्रमाणे होईल. सळई एफई ५००डी, आयएस १७८६ ची खूण असलेली. सळईवरचे आवरण पायाला ५० मि.मी., कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २० मि.मी., आणि त्यासाठी सिमेंटचेच कव्हर ब्लॉक. गिट्टीचे तुकडे किंवा फुटक्या टाइल सळईखाली सरकवलेल्या दिसल्या, तर त्या काढल्याशिवाय मिक्सर सुरू होणार नाही.

स्लॅब टाकण्याआधी किमान २४ तास आर्किटेक्टला कळवायचे. त्यांनी सळई तपासून साइट रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय काँक्रीट पडले तर तो टप्पा पूर्ण झाला असे धरले जाणार नाही. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिस्त्री वरून बादलीभर पाणी ओततात. ते या साइटवर चालणार नाही. काँक्रीटला व्हायब्रेटर लागेल. प्रत्येक स्लॅबच्या वेळी ६ घनठोकळे भरायचे, तीन ७ दिवसांनी व तीन २८ दिवसांनी तपासायचे, खर्च ठेकेदाराचा. २८ दिवसांचा निकाल कमी आला तर पुढची तपासणी आणि लागेल ती दुरुस्ती किंवा तोडफोड ठेकेदार स्वखर्चाने करतील.

स्लॅबवर आळी करून १४ दिवस पाणी साठवून ठेवायचे, कॉलमला ओले पोते गुंडाळायचे. स्लॅब व बीमखालचे टेके १४ दिवसांच्या आत काढायचे नाहीत. नर्मदेचे नळाचे पाणी एक दिवसाआड येते व ते बांधकामाला वापरायचे नाही; टँकर किंवा बोअरची सोय ठेकेदाराची. पाणी आले नाही म्हणून पाणी मारायचे राहिले, हे कारण ऐकून घेतले जाणार नाही.

६. टप्प्याटप्प्याने पैसे. कराराच्या सहीवर बयाणा ५ टक्के, १,७७,६०० रुपये. त्यानंतर:

पाया, जोते व प्लिंथ बीम पूर्ण, भराव झाल्यावर: १५ टक्के, ५,३२,८०० रुपये.
तळमजल्याचा स्लॅब, टेके काढल्यावर: २० टक्के, ७,१०,४०० रुपये.
पहिल्या मजल्याचा स्लॅब, टेके काढल्यावर: १५ टक्के, ५,३२,८०० रुपये.
सर्व वीटकाम व जिन्याची टोपी: १० टक्के, ३,५५,२०० रुपये.
आतबाहेरचा गिलावा, भिंतीतले वायरिंगचे व पाण्याचे पाइप, पाइपांची दाब-तपासणी: १२ टक्के, ४,२६,२४० रुपये.
फरशी, बाथरूमच्या टाइल, वॉटरप्रूफिंग: १० टक्के, ३,५५,२०० रुपये.
दारे, खिडक्या, रंग, नळ, दिवे, साइटची सफाई व ताबा: ८ टक्के, २,८४,१६० रुपये.
अनामत: ५ टक्के, १,७७,६०० रुपये, कलम ९ प्रमाणे.

स्लॅबचे पैसे तो टाकल्याच्या दिवशी नव्हे तर टेके काढल्यावर, हे ठेकेदाराने समजून मान्य केले आहे. मधल्या काळात सिमेंट-सळईसाठी हात आखडू नये म्हणून मालक प्रत्येक स्लॅब पडल्यावर त्या टप्प्यापैकी ४० टक्के उचल देतील. वॉटरप्रूफिंगचा टप्पा बाथरूम व गच्चीवर ४८ तास पाणी भरून ठेवून, खालून ओल आली नाही असे पाहिल्यावरच पूर्ण.

टप्पा झाल्याचे ठेकेदाराने लेखी कळवल्यावर आर्किटेक्ट ४ दिवसांत पाहून दाखला देतील किंवा उणिवा लिहून देतील. दाखल्यापासून ७ दिवसांत पैसे बँकेतून जमा होतील. रोख व्यवहार नाही. मालकांकडून उशीर झाला तर आठव्या दिवसापासून द. सा. द. शे. १२ व्याज आणि तेवढेच दिवस मुदतवाढ. २१ दिवस पैसे आले नाहीत तर ठेकेदार लेखी कळवून काम थांबवू शकतील. तो उशीर त्यांच्या माथी येणार नाही.

७. जादा काम. तोंडी सांगितलेल्या कामाचे पैसे नाहीत. पाहुण्यांनी, भावाने, जावयाने साइटवर येऊन काही सुचवले तरी मालकांची सही असलेल्या चिठ्ठीवर काम, रक्कम आणि वाढणारे दिवस लिहिलेले असतील तरच ते करायचे.

८. मुदत व उशिराची भरपाई. काम १ डिसेंबर २०२५ रोजी सुरू होईल व ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ताबा दिला जाईल. ८ नोव्हेंबरचे लक्ष्मीपूजन नव्या घरात व्हावे, ही मालकांची इच्छा ठेकेदाराला माहीत आहे. पहिल्या मजल्याचा स्लॅब १० जून २०२६ पूर्वी पडलेला असावा, म्हणजे पावसाळ्यात वीटकाम व आतला गिलावा चालू राहील.

मालक सध्या महिना १८,००० रुपये भाडे भरतात आणि गृहकर्जाचे व्याजही चालू आहे. तो खर्च धरून भरपाई अशी ठरली: ३१ ऑक्टोबरनंतरचे पहिले १० दिवस माफ, पुढचे ६० दिवस रोज ८०० रुपये, त्यानंतर रोज १,५०० रुपये. एकूण कमाल १,७७,६०० रुपये. ही नुकसानीची दोघांनी मिळून आधी ठरवलेली रास्त रक्कम आहे, दंड नव्हे, आणि ती देय बिलातून वळती होईल.

पावसाळ्याचे २५ वाया जाणारे दिवस मुदतीत धरलेलेच आहेत. पूर, भूकंप, संचारबंदी, सरकारी मनाई, मालकांचे उशिरा ठरलेले टाइलचे रंग अशा कारणांसाठी मुदत वाढेल, मात्र ज्या दिवशी काम अडले त्याच दिवशी रजिस्टरमध्ये नोंद व तीन दिवसांत मालकांची सही हवी. महिन्याअखेर आठवून लिहिलेले दिवस धरले जाणार नाहीत. मजूर गावी गेले, होळीला परतले नाहीत, हे मुदतवाढीचे कारण नाही.

९. दोषदायित्व. ताब्यापासून सर्वसाधारण कामासाठी १२ महिने, गच्ची, बाथरूम व पाइपांच्या गळतीसाठी २४ महिने, आणि पाया, कॉलम, बीम, स्लॅबसाठी ५ वर्षे ठेकेदार जबाबदार राहतील. या कलमावर सर्वांत जास्त बोलणे झाले, म्हणून बारकावे लिहून ठेवत आहोत.

गिलाव्याच्या ज्या भेगेत पोस्टकार्डाची कड शिरत नाही ती दोष नाही; ती १२ महिन्यांच्या शेवटी एकदाच भरून रंगवून द्यायची. कड शिरत असेल, किंवा भेग वीट-काँक्रीटच्या सांध्यातून आरपार गेली असेल, तर दोष. टाइल ठोकल्यावर पोकळ वाजली तर ती बदलायची, शेजारच्या टाइलच्या रंगाशी जुळणारी. त्यासाठी प्रत्येक रंगाची एक पेटी ताब्याच्या वेळी मालकांकडे ठेवावी.

तक्रार व्हॉट्सॲपवर फोटोसह केली तरी ती लेखी धरली जाईल. ठेकेदार ३ दिवसांत, गळती असेल तर ४८ तासांत येऊन पाहतील व १५ दिवसांत दुरुस्त करतील. न केल्यास मालक दोन दरपत्रके घेऊन कमी दराच्या कारागिराकडून काम करवून घेतील व खर्च अनामतीतून कापतील. अनामत पुरली नाही तर उरलेली रक्कम ठेकेदार देतील. दुरुस्त केलेल्या भागाची हमी त्या दिवसापासून पुन्हा १२ महिने, मूळ मुदत लांब असेल तर ती.

मालकांनी नंतर केलेली तोडफोड, एसीसाठी पाडलेली भोके, भरून वाहणारी टाकी आणि रोजच्या वापराची झीज यांना ठेकेदार जबाबदार नाहीत.

अनामतीची रक्कम ताब्याच्या दिवशी मालकांच्या नावे मुदत ठेवीत ठेवली जाईल, व्याज ठेकेदाराचे. १२ महिने झाल्यावर, म्हणजे एक पावसाळा घरावरून गेल्यावर ८८,८०० रुपये, व २४ महिन्यांनी उरलेले ८८,८०० रुपये मिळतील.

१०. मजुरांची सुरक्षितता, हेल्मेट, पाडाचे दोर, मजुरी व अपघाताची भरपाई ठेकेदाराकडे. काम सुरू होण्याआधी मजुरांचा विमा काढून प्रत मालकांना द्यावी. अठरा वर्षांखालील कोणालाही कामावर ठेवायचे नाही. दक्षिणेकडील शेजाऱ्यांच्या भिंतीचे फोटो खोदकामाआधी काढून ठेवायचे. नुकसान झाले तर भरून द्यायचे.

११. सलग २१ दिवस विनाकारण काम बंद, उशीर ९० दिवसांपलीकडे, किंवा आर्किटेक्टने नाकारलेले काम १५ दिवसांत न सुधारणे, यांपैकी काही झाल्यास मालक १० दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकतील. झालेल्या कामाचे मोजमाप दोघांसमोर होईल. ठेकेदार न आल्यास आर्किटेक्टचे मोजमाप मान्य.

१२. वाद झाल्यास आधी दोघांनी आर्किटेक्टसमोर बसावे. १५ दिवसांत मिटला नाही तर दोघांच्या संमतीने नेमलेला, या कामाशी संबंध नसलेला एक निवृत्त अभियंता लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ प्रमाणे लवाद म्हणून निवाडा देईल. बैठका इंदुरात होतील, न्यायक्षेत्रही इंदूरचेच.

१३. दोघांच्याही घरची भाषा मराठी असल्याने हा करार मराठीत लिहिला आहे. निगम, बँक व न्यायालयासाठी हिंदी भाषांतर सोबत जोडले आहे. दोहोंत फरक दिसल्यास मराठी मजकूर खरा धरावा. दोन मूळ प्रती केल्या, एकेक दोघांकडे.

हा करारनामा आम्ही वाचून, समजून, कोणाच्याही दबावाशिवाय राजीखुशीने लिहून दिला-घेतला आहे.

सही/- वैजयंती श्रीधर शिरवळकर (मालक)
सही/- राजेंद्र तुकाराम घोरवडे (ठेकेदार)

साक्षीदार:
१) सही/- मृणाल जोगदेव, आर्किटेक्ट
२) सही/- सुहास गजानन वाकणीस, राहणार राजेंद्र नगर, इंदूर

बयाणा १,७७,६०० रुपये आजच धनादेशाने मिळाला.
सही/- राजेंद्र तुकाराम घोरवडे, दि. १४ नोव्हेंबर २०२५