दूध, ऑपरेशन आणि बोलणं: आपल्या मुलीचं वेळापत्रक

(13 फेब्रुवारी 2026. ही पानं बाळाच्या फाइलीत सगळ्यात वर लावून ठेवा आणि प्रत्येक खेपेला सोबत आणा.)

बाळाचा जन्म 2 फेब्रुवारीचा. डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि तोंडातली टाळू दुभंगलेली आहे. जन्माचं वजन 2 किलो 700 ग्रॅम, आजचं 2 किलो 560. एवढ्या दिवसांत ते जन्माच्या वजनाच्या आसपास यायला हवं होतं. म्हणून ताई, सध्या ऑपरेशनची चिंता बाजूला ठेवा, आज आपलं काम दूध आहे.

आजींसाठी एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, कारण काल वॉर्डात त्यावरून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातच जुळतो, टाळू त्याच्या पाठोपाठ जुळते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ग्रहणात विळी धरली, काही चिरलं, म्हणून असं होत नाही. साधारण 700 बाळांमागे एकाला हे असतं. हा विषय घरात पुन्हा काढू नका.

आजपासून: दूध

बाळाला भूक आहे, ताकदही आहे. पण टाळू उघडी असल्यामुळे तोंडात ओढ तयार होत नाही. स्तनाला लावलं की ती चोखत राहते, दमते आणि पोटात फार थोडं जातं. तेव्हा दूध हाताने काढायचं आणि बोंडल्याने पाजायचं. दिवसरात्र मिळून आठ वेळा, दर खेपेला साधारण 50 मिली. वजन वाढेल तसा हा आकडा आम्ही वाढवून देऊ. पाजून झाल्यावर दोन मिनिटं अंगावर जरूर घ्या. त्याने दूध उतरत राहतं आणि बाळालाही बरं वाटतं.

बाळाला आडवं ठेवून पाजू नका. डोकं आणि पाठ हातावर घेऊन जवळजवळ बसतं करा. बोंडल्याची चोच उजव्या बाजूला, म्हणजे धड ओठाकडे, खालच्या ओठावर टेकवा. थोडं ओता, ती गिळेपर्यंत थांबा, मग पुढचं. घाईने ओतलं तर ठसका लागतो. हिच्या पोटात हवाही जास्त जाते, म्हणून मध्येच दोनदा खांद्यावर घेऊन ढेकर काढा. सगळं अर्ध्या तासात आटपायला हवं. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पाजण्यातच तिची शक्ती खर्च होते. तसं झालं तर फोन करा, पद्धत बदलू.

नाकातून दूध येईल. घाबरू नका, टाळू उघडी आहे तोवर ते येणारच. थांबा, बाळाला थोडं पुढे झुकवा, पुसा आणि पुन्हा सुरू करा. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने ओठ आणि नाकपुडी पुसा. फटीत बोट किंवा कापूस घालू नका.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर जातो, तेव्हा शेजारीपाजारी पाणी पाजा म्हणतील. सहा महिने आईचं दूधच, पाणी नाही, गुटी नाही, मधाचं बोट नाही. काढलेलं दूध उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. फ्रिज असेल तर 24 तास चालेल, नसेल तर लगेच पाजा. ताई, विड्या वळायला पुन्हा बसाल तेव्हा तंबाखूचं सूप बाळाच्या खोलीत नको, आणि दूध काढण्याआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवा.

दर मंगळवारी वजन. रोज 25 ते 30 ग्रॅम वाढ हवी. ओठ निळे पडले, दूध घेणं बंद केलं, ताप आला किंवा दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली तर मंगळवारची वाट पाहू नका.

17 फेब्रुवारी ते एप्रिल

17 तारखेला दातांचे डॉक्टर टाळूच्या प्लेटचं माप घेतील. प्लेट आणि ओठावरची पट्टी यांनी हिरडीचे तुकडे जवळ येतात, नाकपुडीला आकार येतो आणि ओठाचं ऑपरेशन सोपं होतं. दर आठवड्याला यावं लागेल. विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून येणं त्रासाचं आहे हे दिसतं, पण या खेपा चुकवू नका. याच दिवशी वजनही होईल.

2 मार्चच्या आत कानाची पहिली तपासणी. टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात, त्यामुळे अशा मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. ना दुखतं, ना कान वाहतो, पण ऐकू कमी येतं. तपासणीत शंका आली तर मेच्या सुरुवातीपर्यंत बेरा नावाची ऐकण्याची चाचणी करू. लसी ठरल्या वेळीच द्यायच्या.

मे 2026: ओठाचं ऑपरेशन

दहा आठवडे पूर्ण, वजन साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10: हे तीन जमले की भूल देता येते. आजच्या हिशेबाने मेचा पहिला-दुसरा आठवडा. चौदाव्या आठवड्याची लस 11 मेची आहे, ती ऑपरेशनला अगदी चिकटून येऊ नये, म्हणून तारीख आम्हाला विचारूनच घ्या. सर्दी-खोकला असेल तर ऑपरेशन पुढे जाईल, त्यात नुकसान नाही. नंतर हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून कोपराला पट्ट्या बांधतो. तेव्हा ती रडेल, पण कोणाला दया आली म्हणून सोडू नका.

खर्चासाठी दादांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पत्र आणावं, हा दोष त्या योजनेत येतो.

ऑगस्टपासून: वरचं खाणं

सहा महिने झाले की नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, चमच्याने, बसवून. थोडं नाकातून येईल.

डिसेंबर 2026 ते फेब्रुवारी 2027: टाळूचं ऑपरेशन

फार लवकर केलं तर जबड्याच्या वाढीला बाधा येते, फार उशीर केला तर बोलणं बिघडतं. म्हणून 10 ते 12 महिने. नंतर तीन आठवडे पातळ आणि मऊ. कडक भाकरीचा तुकडा, शेंगदाणे, फरसाण काहीही हातात देऊ नका. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर दोन घोट पाणी पाजा. लाळेत पहिल्या दिवशी थोडा लालसरपणा चालतो, ताजं रक्त आलं तर तडक या.

बोलणं: आजपासूनच

घरी तेलुगू, बाहेर मराठी, त्याने बाळ गोंधळत नाही. तुमच्या तोंडात जी भाषा आहे तीच बोला. सातव्या-आठव्या महिन्यात ती "अम्मा", "नान्ना" छान म्हणेल, कारण म आणि न यांत हवा नाकातूनच जाते. पण प, ब, त, द, क, ग यांना तोंडात हवा अडवावी लागते आणि टाळू उघडी असताना ती अडत नाही. "बाबा" म्हणायला गेली की "मामा" ऐकू येईल, "पालु" म्हणताना प नीट उमटणार नाही. टाळू शिवून झाल्यावर महिना-दीड महिन्याने आपण या अक्षरांकडे वळू.

तोवर एकच लक्ष ठेवा. काही मुलं अक्षर तोंडात जमत नाही म्हणून ते घशातच अडवायला शिकतात, "काका" च्या जागी गळ्यातून तुटक "आ-आ" येतं. ही सवय लागली की मोडायला वर्षं जातात. तसं ऐकू आलं तर हसू नका, नक्कलही करू नका. बाळाच्या समोर बसून, ओठ दाखवत तुम्ही नीट म्हणा, "पापा", आणि पुढे चला. फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं याने बोलणं सुधारत नाही. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं तिच्याशी नीट खेळा.

ऑपरेशननंतर तुम्हालाही तपासता येईल असं एक: नाकाखाली गार, स्वच्छ आरसा धरा आणि "पा पा पा" म्हणायला लावा. आरसा धूसर झाला तर हवा अजून नाकातून जाते, मला सांगा. अशी हवा जाणाऱ्या काही मुलांना पुढे तीन ते पाच वर्षांच्या वयात टाळूचं आणखी एक ऑपरेशन लागतं. किमान पाच वर्षांची होईपर्यंत बोलण्याची तपासणी दर सहा महिन्यांनी.

शाळेची वर्षं

2034 ते 2036 च्या सुमारास, सुळे यायच्या आधी, हिरडीच्या फटीत कमरेच्या हाडातला थोडा भाग भरतात. त्याच्या आगेमागे दातांच्या तारा. नाकाचं किंवा जबड्याचं उरलेलं काही असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर, सोळा-अठराव्या वर्षी, आणि तेव्हा ते करायचं की नाही हे तिलाच विचारायचं.