‘वेच’ धातूचा काळतक्ता : आठवीच्या वर्गासाठी कृतिपत्रक

दिवाळीची सुट्टी संपली तरी निम्मा वर्ग अजून शेतात आहे. पहिली वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, मग घरची पोरं ओटी बांधून पऱ्हाटीत उतरतात. हे मला ठाऊक आहे, म्हणून रागवत नाही. जे आले आहेत त्यांनी तक्ता आज वर्गात करायचा. जे वेचणीला गेले आहेत त्यांनी हेच पान वाचून घरी करायचा. धातूही तुमच्या हातातलाच घेतला आहे: वेच.

‘कर’, ‘जा’, ‘ये’ मुद्दाम घेतले नाहीत. त्यांची भूतकाळाची रूपं मुळापासून लांब पळतात: केला, गेला, आला. नवशिक्याचा निम्मा वेळ त्यांचा पाठलाग करण्यात जातो. ‘वेच’ मात्र शेवटपर्यंत ‘वेच’च राहतो. ‘वेचणे’ मधला ‘णे’ काढला की धातू हातात येतो आणि त्यापुढे जे लागतं तेच आपल्याला शिकायचं आहे.

सामान : जुन्या कॅलेंडरची तीन पानं (मागची कोरी बाजू), निळा पेन, लाल पेन, पट्टी. ‘वेच’ सगळीकडे निळ्याने लिहायचं आणि पुढचा प्रत्यय लाल. एकाच रंगात लिहिलेला तक्ता मी तपासणार नाही.

पान पहिलं : वर्तमानकाळ

इथून सुरुवात करू, कारण हा सोपा आहे. धातूला ‘त’ लागतो, म्हणून जुन्या व्याकरणात याला ताख्यात म्हणतात.

| कर्ता | पुरुष | स्त्री |
|---|---|---|
| मी | वेचतो | वेचते |
| तू | वेचतोस | वेचतेस |
| तो / ती | वेचतो | वेचते |
| आम्ही, आपण | वेचतो | वेचतो |
| तुम्ही | वेचता | वेचता |
| ते / त्या | वेचतात | वेचतात |

नपुंसकलिंग एकवचन (‘ते पोर वेचते’) स्त्रीलिंगासारखंच दिसतं, म्हणून वेगळा रकाना केला नाही. अनेकवचनात लिंगाचा भेद गळून पडतो, हे तक्त्यातच दिसतंय.

आता एक गोष्ट मुलींसाठी. मागच्या निबंधात तिघींनी ‘मी रोज शेतात कापूस वेचतो’ असं लिहिलं. मी आधी लाल रेघ मारली, मग थांबलो. अहिराणीत आपण काय म्हणतो? ‘मी कापूस येचस’. बहीणही तेच म्हणते, भाऊही तेच. आणि ‘तू येचस’, ‘तो येचस’ हेही तेच. तिथे लिंग नाही, एकवचनात पुरुषाचाही भेद नाही. अनेकवचन तेवढं वेगळं, ‘आम्ही येचतस’. घरी ज्या भेदाची गरजच पडत नाही तो वहीत आपोआप कुठून येणार? तेव्हा मुलींनी पहिल्या ओळीतल्या ‘वेचते’भोवती लाल गोल काढून ठेवा. परीक्षेत डोळ्यासमोर तो गोल यायला हवा.

पान दुसरं : भविष्यकाळ

भूतकाळ शेवटी घेणार आहे. तो घरात शिरला की बाहेर निघत नाही.

| कर्ता | रूप |
|---|---|
| मी | वेचीन (वेचेन) |
| तू | वेचशील |
| तो, ती, ते | वेचील (वेचेल) |
| आम्ही, आपण | वेचू |
| तुम्ही | वेचाल |
| ते, त्या, ती | वेचतील |

एकच रकाना पुरला, कारण भविष्यकाळात लिंग नाही. माय वेचील, बापही वेचील. असं का? जुन्या मराठीत ‘तू वेचशी’, ‘तो वेची’, ‘ते वेचती’ अशी रूपं होती. ओव्या-अभंगांत अशा धर्तीची रूपं तुम्ही ऐकली असतील. त्यांच्याच शेपटीला ‘ल’ चिकटला: वेचशी-ल, वेची-ल, वेचती-ल. त्या जुन्या रूपांना पुरुष आणि वचन ठाऊक होतं, लिंग नव्हतं. पट्टी ठेवून ‘ल’ झाका आणि उरलेलं मोठ्याने वाचा, म्हणजे पटेल.

कंसातली रूपं चूक नाहीत. जुन्या शिस्तीत कर्म घेणाऱ्या धातूला ‘ईन, ईल’ (वेचीन, वेचील) आणि कर्म न घेणाऱ्याला ‘एन, एल’ (बसेन, बसेल) लागतात. आज बोलण्यात ‘वेचेल’च जास्त चालतं. दोन्हीला गुण देईन, पण एका तक्त्यात एकच पद्धत ठेवा.

जाता जाता: ‘वेचतो’ म्हणताना ‘च’ दातांमागे लागतो, ‘वेचीन’ म्हणताना तोच टाळूकडे सरकतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ एकामागून एक म्हणून पाहा, तिथे ‘झ’चंही तेच होतं. लिहिताना याने काही बदलत नाही, म्हणून तक्त्यात घ्यायचं नाही.

बदलतं ते पुढच्या गोष्टीने, आणि हे पानाच्या तळाशी चौकट करून लिहा. गेल्या आठवड्यात एका मुलाने वहीत लिहिलं होतं: ‘घरात दोन क्विंटल कापूस वेचेल आहे.’ मी विचारलं, वेचेल म्हणजे पुढे वेचणार का? तो म्हणाला, ‘नही सर, येचेल शे.’ म्हणजे वेचून झालेला, घरात रचलेला. अहिराणीत ‘येचेल कापूस’ म्हणजे वेचलेला कापूस, ‘लिखेल कागद’ म्हणजे लिहिलेला कागद. आपल्या घरचं ‘एल’ झालेल्या कामाचं आहे आणि पुस्तकातलं ‘एल’ व्हायच्या कामाचं. आवाज एक, काळ उलटे. नाशिक-पुण्याकडच्या माणसाला तुमचं वाक्य वाचून वाटेल की कापूस अजून झाडावर आहे.

चौकटीत इतकंच लिहा:

- घरी : येचेल = पुस्तकात : वेचलेला
- पुस्तकात : तो वेचेल = उद्या, परवा, पुढे

दुसरी सवय ‘मी उद्या वेचेल’. हे आपल्याकडेच नाही, बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं, टीव्हीवरसुद्धा. ‘ल’ तिसऱ्या माणसाचा, ‘न’ माझा. मी वेचीन, तो वेचील.

पान तिसरं : भूतकाळ

धातूला ‘ल’ लागतो, म्हणून लाख्यात. कॅलेंडरचं पान आता आडवं धरा.

पहिल्या दोन पानांवर डावीकडे कर्ता लिहिला. इथे नुसतं तेवढंच केलं की तक्ता बिघडतो. गेल्या वर्षी मी स्वतः फळ्यावर डावीकडे ‘मी, तू, तो’ लिहिलं आणि समोर काय लिहावं म्हणून खडू हातात धरून उभा राहिलो. मी वेचला? वेचली? वेचले? काय वेचलं ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हणून इथे वरच्या ओळीत कर्म लिहायचं.

| कर्ता | कापूस (पुं. ए.) | शेंग (स्त्री. ए.) | बोंड (नपुं. ए.) | दगड (पुं. अ.) | शेंगा (स्त्री. अ.) | बोंडे (नपुं. अ.) |
|---|---|---|---|---|---|---|
| मी, आम्ही | वेचला | वेचली | वेचले | वेचले | वेचल्या | वेचली |
| तू | वेचलास | वेचलीस | वेचलेस | वेचलेस | वेचल्यास | वेचलीस |
| तुम्ही | वेचलात | वेचलीत | वेचलेत | वेचलेत | वेचल्यात | वेचलीत |
| त्याने, तिने, त्यांनी | वेचला | वेचली | वेचले | वेचले | वेचल्या | वेचली |

भरून झालं की बोट एका उभ्या रकान्यावरून खाली न्या. ‘कापूस’च्या रकान्यात मी असो की तिने असो, ‘वेचला’ तो ‘वेचला’च. कर्त्याची खूण फक्त ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या ओळीत राहिली आहे, शेवटच्या ‘स’ आणि ‘त’मध्ये. ती दोन अक्षरं लाल पेनाने दोनदा गिरवा.

आता बोट आडवं न्या. इथे रूप कर्माप्रमाणे बदलतं. भूतकाळातलं क्रियापद कर्माच्या ताब्यात गेलं आहे. याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. नववीत संस्कृत घ्याल तेव्हा ‘मया फलं खादितम्’ भेटेल. तिथेही ‘खादितम्’ फळाच्या मागे जातं, खाणाऱ्याच्या नाही. आपला भूतकाळ त्याच घराण्यातला आहे.

मुलं चुकतात ती ‘मी’च्या ओळीत. त्याने, तिने, त्यांनी यांना ‘ने’ किंवा ‘नी’ दिसतो, त्यामुळे काहीतरी वेगळं चाललंय हे डोळ्याला कळतं. ‘मी, तू, आम्ही, तुम्ही’ मात्र जसेच्या तसे उभे असतात. एका मुलीने लिहिलं, ‘मी काल कापूस वेचली.’ तिचा तर्क सरळ होता: मी मुलगी, म्हणून वेचली. वर्तमानात ‘वेचते’ लिहायला मीच तिला शिकवलं होतं! पण भूतकाळात ‘मी’ मुलगी आहे की मुलगा, हे क्रियापद विचारतच नाही. ते ओटीत डोकावून बघतं: आत काय आहे? कापूस. मग वेचला.

कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला तर मात्र क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, नपुंसक एकवचनात बसतं: ‘शिक्षकांनी चांगल्या मुलींना वेचून वेगळे काढले.’ असं वाक्य क्वचित येतं, म्हणून तक्त्यात रकाना नको.

एक खोच राहिली. ‘मी शेंगा वेचत होतो’ हाही भूतकाळच, मग ‘होत्या’ का नाही? कारण ‘ल’ धातूला लागलेला नाही. ‘वेचत’ मध्ये ‘त’ आहे, आणि ‘त’ आला की क्रियापद पुन्हा कर्त्याकडे जातं. मुलगी असेल तर ‘मी शेंगा वेचत होते’. उलट ‘मी शेंगा वेचल्या होत्या’ यात ‘ल’ परतला आणि शेंगाही परतल्या. पूर्ण, अपूर्ण, रीती यांचा तक्ता पुढच्या महिन्यात करू. तोवर प्रत्येक वाक्यात ‘त’ की ‘ल’ एवढं शोधायची सवय लावा.

तपासणी

तक्ते झाले की शेजाऱ्याशी बदला. शेजाऱ्याने खालची वाक्यं तक्त्यावर बोट ठेवून दुरुस्त करायची आणि कोणत्या पानावरचं, कोणतं घर, हे शेजारी लिहायचं. पहिलं मी करून दाखवतो.

1. ‘माझ्या बहिणीने सगळा कापूस वेचली.’ पान तिसरं, ‘तिने’ची ओळ, ‘कापूस’चं घर. दुरुस्त : वेचला.
2. ‘तू बांधावरच्या शेंगा वेचलास का?’
3. ‘मी उद्या उरलेली बोंडे वेचेल.’ (मुलगा म्हणतोय)
4. ‘मी फरदडीचा कवडी कापूस वेचतो.’ (मुलगी म्हणतेय)
5. ‘अंगणात वेचेल कापूस पडला आहे.’
6. ‘तुम्ही शेतातले दगड वेचलात, आता नांगर चालेल.’

सहाव्यात चूक एकच आहे. ‘चालेल’ला हात लावू नका, तो खराखुरा भविष्यकाळ आहे.

तिन्ही पानांची मागची, तारखांची बाजू वाया घालवू नका. कडेला जागा असेल तिथे घरी आजीला विचारून ‘येच’ची रूपं लिहा: ती काल काय म्हणते, आज काय, उद्या काय. पारोळ्याकडची आजी आणि यावल-रावेरकडची आजी एकच रूप सांगणार नाहीत, तेव्हा गावाचं नावही लिहा. सोमवारी पुस्तकाची बाजू मी तपासीन. दुसऱ्या बाजूवर लाल पेन चालवणार नाही.