एकाच औषधाचे दोन एनॅन्शिओमर आणि त्यांच्या जैविक क्रियेतील फरक

विषय: औषधी रसायनशास्त्र, असाइनमेंट २, बी. फार्म., नाशिक

नाशिकमधल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात ॲलर्जीसाठी सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची आणि लेव्होसेटिरिझिनची ५ मिलिग्रॅमची गोळी शेजारी शेजारी मिळते. रेणुसूत्र तेच, अणूंची जोडणीही तीच. तरीही निम्मी मात्रा पुरते, कारण सेटिरिझिन हे दोन एनॅन्शिओमरचे समप्रमाणातले, म्हणजे रेसिमिक, मिश्रण असून हिस्टामाइनच्या एच१ रिसेप्टरवरचे बहुतेक काम त्यातला आर-एनॅन्शिओमर करतो. त्याची रिसेप्टरशी आसक्ती एस-रूपाच्या सुमारे ३० पट आहे.

एनॅन्शिओमरचा द्रवणांक आणि पाण्यातील विद्राव्यता सारखीच असते. ते ध्रुवीकृत प्रकाशाचे प्रतल तेवढे विरुद्ध दिशांना वळवतात. शरीरात मात्र त्यांची गाठ एल-अमिनो आम्लांपासून बनलेल्या, म्हणजे स्वतःच कायरल असलेल्या, प्रथिनांशी पडते आणि तिथे हे साम्य संपते.

ॲड्रेनॅलिनच्या उदाहरणात हे नेमके दिसते. त्याच्या आर-रूपातील धनभारित अमाइन बीटा-रिसेप्टरमधील ॲस्पार्टेटशी आयनिक बंध करते, कॅटेकॉल वलयातील हायड्रॉक्सिल गट सेरीनशी हायड्रोजन बंध करतात आणि कायरल कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट तिसऱ्या जागी जुळतो. एस-रूपात पहिले दोन बंध साधले, तर हा हायड्रॉक्सिल गट भलत्याच दिशेला राहतो; म्हणूनच त्याची क्रिया तो गट मुळातच नसलेल्या रेणूच्या जवळपास उतरते. ईसन आणि स्टेडमन यांनी १९३३ मध्ये मांडलेली त्रिबिंदू-जोडणीची कल्पना ती हीच.

अधिक क्रियाशील रूपाला युटोमर आणि कमी क्रियाशील रूपाला डिस्टोमर म्हणतात. डिस्टोमर म्हणजे निरुपद्रवी भरताड, असे समजणे मला धोक्याचे वाटते. प्रोप्रॅनोलॉलचे एस-रूप बीटा-रिसेप्टर अडवण्यात आर-रूपापेक्षा सुमारे १०० पट प्रभावी आहे, पण पेशीपटल स्थिर करण्याचा गुण दोन्हींत सारखाच आहे. वॉरफरिनचे एस-रूप आर-रूपापेक्षा अनेक पटींनी प्रभावी असून त्याचे चयापचय मुख्यतः सीवायपी२सी९ हे एन्झाइम करते. त्यामुळे या एन्झाइमला रोखणारे औषध सोबत दिल्यास रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो.

काही वेळा शरीरच रेणूची रचना बदलते. आयबुप्रोफेनचे एस-रूप सायक्लोऑक्सिजनेजला रोखते, तर फारसे क्रियाशील नसलेल्या आर-रूपाचा बराचसा भाग को-एन्झाइम ए-शी जोडला जाऊन एस-रूपात बदलतो. हे रूपांतर एकाच दिशेने होते. थॅलिडोमाइडमध्ये ते दोन्ही दिशांनी होते. गर्भातील व्यंगांचा दोष सहसा त्याच्या एस-रूपाला दिला जातो आणि शुद्ध आर-रूप दिले असते तर ती हानी टळली असती, असेही सांगितले जाते. पण कायरल कार्बनवरचा आम्लधर्मी हायड्रोजन शरीराच्या सामू-पातळीला सहज निघून पुन्हा जोडला जात असल्याने, शुद्ध आर-रूप घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही काही तासांत एस-रूप तयार होते.