दृश्य ४, ‘लिफ्ट’: अ‍ॅनिमॅटिक टायमिंग शीट, आवृत्ती २

वेग: दर सेकंदाला २४ फ्रेम
एकूण लांबी: ३० सेकंद, म्हणजे ७२० फ्रेम
पॅनल १६, शॉट ९
वेळ लिहिण्याची पद्धत: सेकंद:फ्रेम. शॉटच्या आतली फ्रेम त्या शॉटच्या शून्यापासून मोजली आहे.

पटकथेत हे दृश्य अर्धं पान आहे. पानाला एक मिनिट या ठोकताळ्याने ३० सेकंद बरोबर बसतात, पण वाटणी सारखी नाही. अंधार आणि इंटरकॉम या दोन जागांना सैल सोडलंय, बाकी सगळं आवळलंय. मुलगी सोसायटीत मांजर चोरून आणतेय हे शॉट ३० मध्ये कळलं नाही, तर शॉट ८० मधल्या थांब्याला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे कुठून फ्रेम कापायच्या असतील तर त्या शॉट १० मधून कापा, ३० ला हात लावू नका.

| शॉट | पॅनल | सुरुवात | लांबी | तात्पुरता आवाज | पुढे जाताना |
|---|---|---|---|---|---|
| १० | १, २ | ००:०० | ३:१२ | पावलं, दार सरकणं, मोटरची घरघर | कट |
| २० | ३ | ०३:१२ | ०:१८ | बटणाची टिक | कट |
| ३० | ४, ५ | ०४:०६ | ३:०६ | संवाद १, पिशवीची चेन | कट |
| ४० | ६ | ०७:१२ | १:१२ | घरघर तुटते, शांतता | काळ्यावर कट |
| ५० | ७ | ०९:०० | ३:०० | दणका, दोराची करकर, शांतता | सलग काळं |
| ६० | ८, ९, १० | १२:०० | ६:०० | श्वास, संवाद २, म्याव | डिझॉल्व्ह, १२ फ्रेम |
| ७० | ११, १२ | १८:०० | ३:१८ | दिव्याची गुणगुण, घंटा | कट, आवाज आधी |
| ८० | १३, १४, १५ | २१:१८ | ६:०० | खरखर, संवाद ३ ते ५ | कट |
| ९० | १६ | २७:१८ | २:०६ | टिंग, तात्पुरतं संगीत | पांढऱ्यात फेड |

शॉट १०. पॅनल १ ला ४८ फ्रेम, पॅनल २ ला ३६. दार फ्रेम ५० ला सरकू लागतं आणि ७८ ला बंद होतं. घरघर ७८ ला सुरू होऊन शॉट ४० पर्यंत न तुटता चालते. प्रत्येक कटला नवा तुकडा लावू नका, एकच लांब फाइल ठेवा.

शॉट २०. बोट पहिल्या फ्रेमपासून बटणावरच आहे. टिक फ्रेम ४ ला.

शॉट ३०. पॅनल ४ (४८ फ्रेम): मुलगी पिशवीकडे वाकते. संवाद १, फ्रेम १२ ते ४२: “आत बस. कुणी बघेल.” पॅनल ५ (३० फ्रेम): पिशवीतून मांजराचं डोकं बाहेर. चेनचा आवाज फ्रेम ४६ ला, म्हणजे चित्र बदलायच्या २ फ्रेम आधी. कानाने आधी पकडलं की डोळा बरोबर पिशवीवर जातो.

शॉट ४०. मजल्याचा आकडा ४ वर लुकलुकतो. घरघर फ्रेम ३० ला तुटते, चित्र मात्र ३६ पर्यंत उजेडातच आहे. हे सहा फ्रेम पूर्ण शांत राहिले पाहिजेत, नाहीतर पुढचा दणका दणका वाटणार नाही.

शॉट ५०. बोर्डात ही एकच काळी चौकट आहे, म्हणून कागदावर ती सेकंदभराची वाटते. पण इथे लांबी चित्र ठरवत नाही, आवाज ठरवतो:

- फ्रेम ० ते १८: दणका आणि त्याचा घुमारा
- फ्रेम २४ ते ४८: वर कुठेतरी दोराची करकर
- फ्रेम ४८ ते ७२: काहीच नाही

शेवटच्या २४ फ्रेममध्ये बंद खोलीतल्या हवेचा अगदी हलका आवाज ठेवलाय. ट्रॅक साफ कोरा सोडला तर बघणाऱ्याला फाइल बिघडल्यासारखी वाटते. हाच आवाज शॉट ६० खालूनही चालू राहतो. दिग्दर्शकांना तीन सेकंद जास्त वाटले तर दणका आणि करकर यांमधले ६ फ्रेम काढता येतील. शेवटची शांतता नको.

शॉट ६०. पॅनल ८ (४८ फ्रेम): अंधारात फक्त मांजराचे डोळे, सोबत मुलीचे दोन श्वास, फ्रेम ६ आणि ३० ला. पॅनल ९ (६० फ्रेम): संवाद २, “घाबरू नको हं. लाईट गेलीये फक्त.” पॅनल १० (३६ फ्रेम): डोळे मिटून उघडतात, म्याव पॅनलच्या फ्रेम ६ ते १८.

स्क्रॅच आवाज मोठ्या माणसाचा आहे. खरी मुलगी बोलेल तेव्हा या ओळीला ६ ते १० फ्रेम जास्त लागतील असं धरून चाला. ती जागा पॅनल ८ मधून घ्यायची, शॉटची लांबी तीच राहील.

६० ते ७० डिझॉल्व्ह. कटची रेषा १८:०० वर, तिच्या दोन्ही बाजूंना ६ फ्रेम. म्हणून पॅनल १० पुढे ६ फ्रेम ओढा, पॅनल ११ मागे ६ फ्रेम. एकूण बेरीज बदलत नाही. इथे साधा कट चालला असता, पण आणीबाणीचा लाल दिवा हळूहळू तापत पेटतोय असं बोर्डात दाखवलंय. दिव्याची गुणगुण १२ फ्रेम आधी, १७:१२ ला सुरू.

शॉट ७०. पॅनल ११ ला ४८ फ्रेम, पॅनल १२ ला ४२. घंटा पॅनल १२ च्या फ्रेम १२ ते ३६. हात खाली असतो आणि पुढच्याच चित्रात थेट घंटेवर असतो, ते फार तुटक दिसतं. बोर्ड आर्टिस्टने हात उचलतानाचं एक चित्र द्यावं, त्याला १२अ म्हणू. ते पॅनल ११ च्या शेवटच्या ८ फ्रेममध्ये बसेल.

शॉट ८०. इंटरकॉमची खरखर २१:०६ ला, शॉट ७० वरच, कटच्या १२ फ्रेम आधी.

- पॅनल १३ (२४ फ्रेम): संवाद ३, इंटरकॉमवरून, फ्रेम ० ते ३०: “किती जण आहात आत?” ओळीचे शेवटचे ६ फ्रेम पॅनल १४ वर जातात, ते मुद्दाम.
- पॅनल १४ (७२ फ्रेम): मुलगी पिशवीकडे बघते. फ्रेम ३० ते ७८ थांबा, पूर्ण दोन सेकंद. संवाद ४, फ्रेम ७८ ते ९६: “दोघं.”
- पॅनल १५ (४८ फ्रेम): संवाद ५, फ्रेम ९६ ते १३२: “बरं, दोघं खाली बसा.” उरलेले १२ फ्रेम शांत.

कॅमेरा फक्त पॅनल १४ वर पुढे सरकतो, १०० वरून ११२ टक्के. सुरुवात आणि शेवट मऊ. १३ आणि १५ स्थिर. तिन्हीवर सरकवला तर खरं बोलायचं की नाही, हा तिचा विचार दिसतच नाही.

शॉट ९०. उजेड फ्रेम ० ला एकदम येतो. टिंग फ्रेम १२ ला. संगीत इथेच पहिल्यांदा, फ्रेम १८ पासून, मिनिटाला १२० ठोके. म्हणजे दर १२ फ्रेमला एक ठोका: १८, ३०, ४२. तिसऱ्या ठोक्यावर फेड सुरू, ५४ ला संपतो. फेड पांढऱ्यात ठेवलाय. काळ्यात केला तर लाईट पुन्हा गेली असं वाटेल. संगीतकाराने चाल बदलली तर फेडची जागाही त्याच ठोक्याबरोबर हलवा.

फाइलींची नावं. तात्पुरत्या प्रत्येक आवाजाच्या नावात `tmp` असलंच पाहिजे, म्हणजे अंतिम मिक्समध्ये चुकून शिरला तर शोधता येईल:

```
sc04_sh050_sfx_tmp.wav
sc04_sh080_dlg03_tmp.wav
```

चार ट्रॅक: संवाद, इफेक्ट, पार्श्वध्वनी, संगीत. चित्रावर खाली डावीकडे शॉट आणि पॅनल क्रमांक, उजवीकडे चालू फ्रेम. १२अ आल्यावर आवृत्ती ३ काढेन. तोवर शॉट ७० वगळता बाकीच्या लेआउटचं काम सुरू करायला हरकत नाही.