पाहिजेत: सीएनसी ऑपरेटर 2, मेंटेनन्स फिटर 1

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या मशीनशॉपसाठी. आयटीआय टर्नर, मशिनिस्ट किंवा फिटर. फ्रेशर चालेल, पण मायक्रोमीटर वाचता आला पाहिजे.

पगार 18,000 ते 26,000 रुपये, दर महिन्याच्या 7 तारखेला खात्यावर. पीएफ पहिल्या दिवसापासून, ईएसआय पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्यांना. ओव्हरटाइम दुप्पट दराने. नको म्हणालात तर कुणी तोंड वाकडं करणार नाही. पीस रिजेक्ट झाला म्हणून पगार कापत नाही, ऑफसेट कुठे चुकला ते शेजारी उभं राहून दाखवतो. शेड पत्र्याची आहे, मे महिन्यात तापते, हे आधीच सांगितलेलं बरं.

खात्री करायची तर चहाच्या सुट्टीत आमच्या पोरांनाच विचारा. सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते 1, मूळ सर्टिफिकेट घेऊन याच गेटवर भेटा.